ठोक मालावर सूट मिळाली, पण ती कापडातून कापली गेली

मोठी ऑर्डर, रोख ॲडव्हान्स आणि पुढच्या ऑर्डरींची हमी, या तिन्ही गोष्टी पुढे करून होलसेलरकडून भाव कमी करून घेणार असाल, तर आधी हे वाचा. आमचं नुकसान झालं ते सूट नाकारली गेल्यामुळे नाही, मागितली तेवढी मिळाली म्हणून झालं.

आम्ही कार्यक्रमांसाठी छापील टी-शर्ट पुरवतो. साधे टी-शर्ट ठोकात घ्यायचे, छपाई करून द्यायचे. या होलसेलरकडून आधी लहान ऑर्डरी घेतल्या होत्या, माल चांगला होता. मग मोठं काम आलं तेव्हा त्याला मेसेज पाठवला: "1000 नग हवेत, 180 जीएसएम, तुम्ही दिलेल्या सँपलप्रमाणे. पूर्ण पैसे आधी देऊ. वर्षभर दर तीन महिन्यांनी अशीच ऑर्डर राहील. 12 टक्के सूट द्या." तासाभरात उत्तर आलं, "दिली साहेब. आजच पैसे टाका, माल बाजूला काढतो."

एवढ्या झटपट मिळालेल्या होकारात धोका होता, हे आज स्पष्ट दिसतं. 1000 नगांवर 12 टक्के कमी करायला कुठलाही खरा व्यापारी थोडा हिशेब करतो. 8 देतो म्हणतो, मापांचं प्रमाण विचारतो, रंग कमी करा म्हणतो. याने काहीच विचारलं नाही. सूट स्वतःच्या नफ्यातून द्यायची नसली की घासाघीस करण्याचं कारण उरत नाही.

माल दोन खेपांत आला. पहिले 300 नग अगदी सँपलसारखे. आम्ही तपासले, वापरले, गिऱ्हाईक खूश. उरलेले 700 नंतर आले, तेच लेबल, तशीच घडी, तशाच पिशव्या. छपाईवाल्यांचा फोन आला तोवर 200 नगांवर छपाई झाली होती. "दादा, शाई आरपार उतरतेय, कापड बदललंय का?" जाऊन पाहिलं तर आत हात घातल्यावर बोटं दिसत होती.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते घरीही मोजता येतं. 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा नीट कापा, वजन करा, 100 ने गुणा. सँपलचा तुकडा 1.8 ग्रॅम भरला, दुसऱ्या खेपेतला 1.5. म्हणजे 180 च्या जागी 150. एवढ्या लहान तुकड्याला सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा लागतो. तो नसेल तर एकाच मापाचे 10-10 नग साध्या काट्यावर ठेवा. आमचे पहिल्या खेपेतले एल मापाचे 10 नग 1 किलो 900 ग्रॅम भरले आणि दुसऱ्या खेपेतले 1 किलो 590. सहावा हिस्सा कापड गायब. टी-शर्टच्या खर्चात सर्वात मोठा वाटा कापडाचाच असतो, त्यामुळे 12 टक्के सूट कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

होलसेलर म्हणाला, "साहेब, सुती कापड हवेतला ओलावा धरतं, वजन कमीजास्त होतंच." हे ऐकून बरेच जण गप्प बसतात, कारण त्यात थोडं तथ्य आहे. सुती कापड प्रमाणित हवामानात, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेला, कोरड्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओलावा धरतं. पण म्हणजेच एक तुकडा भट्टीतून पूर्ण सुकवून काढला आणि दुसरा नेहमीच्या हवेत ठेवला, तरी फरक 8-9 टक्क्यांच्या आसपासच राहील. इथे तो जवळपास 17 टक्के होता. शिवाय दोन्ही तुकडे रात्रभर एकाच खोलीत उघडे ठेवून वजन केलं, की ओलाव्याचा मुद्दाच उरत नाही. आम्ही तेच केलं, आकडे हलले नाहीत. एक लक्षात ठेवा, न धुतलेल्याची तुलना न धुतलेल्याशीच करा. धुतल्यावर कापड आटतं आणि जीएसएम वाढलेला दिसतो.

मग त्याने बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, "साधा सुती टी-शर्ट, 1000 नग." जीएसएमचा उल्लेख नाही, सँपलचा नाही. मेसेजमध्ये आम्ही दोन्ही लिहिलं होतं, पण त्याचं म्हणणं एकच, बिलाप्रमाणे माल दिला. छापलेले 200 परत घेणार नाही आणि कोऱ्या 500 चे पैसे देणार नाही, फक्त क्रेडिट नोट देईन, तीही पुढची ऑर्डर 1000 ची आणि पूर्ण ॲडव्हान्सची असेल तर. पुढच्या ऑर्डरींचं जे आश्वासन आम्ही सूट मिळवण्यासाठी दिलं होतं, त्यालाच त्याने आम्हाला बांधून ठेवलं. दुसऱ्या ओळखीच्या माणसाकरवी त्याच मालाचा भाव विचारला, तर तो आम्हाला सूट धरून लागलेल्या भावाच्या जवळपासच निघाला. म्हणजे सूट देण्याआधीचा भावही फुगवलेला होता. क्रेडिट नोट आम्ही घेतली नाही. छापलेला माल गिऱ्हाइकाला भाव पाडून द्यावा लागला आणि कोऱ्या नगांचा वाद अजून सुरू आहे.

म्हणून सूट मागताना तिन्ही गोष्टी एका वाक्यात टाकू नका. आधी फक्त नगांवर भाव घ्या: 300 ला काय, 500 ला काय, 1000 ला काय. त्यातून त्याचा खरा उतार कळतो. मग ॲडव्हान्स वेगळा काढून विचारा, "30 टक्के आधी आणि उरलेले पैसे माल तपासून दिले तर किती, आणि सगळे आधी दिले तर किती?" या दोन भावांतला फरक, म्हणजे तुमच्या हातातला लगाम सोडण्याची किंमत. ती दोन-तीन टक्के असेल तर सोडू नका, कारण हलक्या मालात त्याच्या कितीतरी पट जातं. पुढच्या ऑर्डरींबद्दलची सूट पहिल्या बिलात मागू नका. दुसऱ्या ऑर्डरीच्या बिलातून वजा करून मागा, म्हणजे तोवर माल नीट देण्यात त्याचाही फायदा राहतो.

सँपल दोन घ्या, दोन्हीवर दोघांच्या सह्या आणि तारीख, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडून प्रोफॉर्मा बिल मागवा आणि त्यात हे वाक्य येऊ द्या: "180 जीएसएम, फरक 5 टक्क्यांपर्यंत मान्य, सही केलेल्या सँपलप्रमाणे, प्रत्येक खेप तपासून स्वीकारली जाईल, कमी निघाल्यास माल परत व पैसे परत." फरकाची मर्यादा मुद्दाम लिहा, विणकामात थोडं मागेपुढे होतंच आणि ती नसली की दोघांनाही भांडायला जागा राहते. प्रत्येक खेपेतले मधल्या आणि तळातल्या गठ्ठ्यांचे नग काट्यावर ठेवा, वरचे नाही, आणि ते झाल्याशिवाय एकही नग छपाईला जाऊ देऊ नका. हे वाक्य लिहून द्यायला जो व्यापारी टाळाटाळ करेल, त्याला ॲडव्हान्स पाठवू नका, मग सूट कितीही असो.