सिंहगडाभोवतीचे आरे की मुठेच्या फांद्या: प्रकल्पासाठी नदीप्रणाली निवडताना

पुण्यात राहून भूरूपशास्त्राच्या प्रकल्पासाठी एखादी नदीप्रणाली निवडायची झाली, तर केंद्रत्यागी प्रणालीचा मोह सहज पडतो आणि मलाही तो पडला होता. सिंहगडावरून ओढे चहूबाजूंना उतरतात आणि नकाशावर चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात.

मला अडचण आली ती चौकटीची. १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशावर गडाभोवती लहान चौकट आखली, तेव्हा आरे स्पष्ट होते. चौकट थोडी वाढवताच तेच ओढे उत्तरेस मुठेच्या आणि दक्षिणेस शिवगंगेच्या फांद्या ठरले, कारण सिंहगड हा सुटा शंकू नसून भुलेश्वर रांगेचा भाग आहे. माझा निष्कर्ष खडकावर नव्हे, तर मी रेषा कुठे आखली यावर ठरत होता आणि तेच मला शेवटपर्यंत खटकत राहिले. अमरकंटकची केंद्रत्यागी रचना खरी आहे, तेथून नर्मदा, सोन आणि जोहिला वेगवेगळ्या दिशांना निघतात. पण तीही उंचवट्याविषयी जितके ठामपणे सांगते तितके खडकाविषयी सांगत नाही.

खडकाविषयी सर्वाधिक सांगते ती जाळीदार प्रणाली. कललेल्या थरांत कठीण आणि मऊ खडक आलटून पालटून असले, की मऊ पट्ट्यांतून लांब, समांतर नद्या वाहतात आणि कठीण कण्यांवरून आखूड ओढे त्यांना काटकोनात मिळतात. अ‍ॅपलेशियन पर्वतात हे उत्तम दिसते. आपल्याकडे मात्र बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे पायी जाऊन पडताळण्याजोगे उदाहरण पुण्याजवळ मला मिळाले नाही.

म्हणून मी वृक्षाकार प्रणालीकडे वळलो. ती फक्त एकजिनसी, आडवा खडक दाखवते असे म्हणतात, परंतु संगमांचे कोन मोजू लागल्यावर उतारही वाचता येतो. जलशास्त्रज्ञ हॉर्टन यांच्या सूत्रानुसार मुख्य नदीच्या उताराला ओढ्याच्या उताराने भागले, की संगमकोनाचा कोसाइन मिळतो. नदी १०० मीटरांत १ मीटर आणि ओढा २ मीटर उतरत असेल, तर कोन ६० अंश येतो. ओढा १० मीटर उतरत असेल, तर सुमारे ८४ अंश. म्हणजे सपाट खोऱ्यात कड्यावरून थेट उतरणारा ओढा जवळजवळ काटकोनात मिळतो आणि घाईत पाहणाऱ्याला तेथे जाळी भासते. संशय आल्यास त्याच ओढ्याच्या उगमाकडे जावे: दोन्ही प्रवाहांचे उतार सारखे होत गेल्यावर कोन मिटत जात असेल, तर प्रणाली वृक्षाकारच आहे. जाळीदार प्रणालीत मात्र मुख्य नद्याही एकमेकींना समांतर असायला हव्यात.

तुमच्याकडे दूरचा प्रवास आणि पुरेसा वेळ असेल, तर जाळीदार प्रणाली कदाचित अधिक समाधान देईल. पुण्यातूनच काम करायचे असेल, तर मी आंबी, मोसे आणि मुठा यांची खोरी सुचवेन, कारण तेथे नकाशावरचा कोन दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष ओढ्यात उभे राहून तपासता येतो.