आर्म ढिला म्हणून 4,37,500 रुपयांना गंडवलं

पंपाचे 3,85,000, ऑइलचे 30,500 आणि मजुरी 22,000. एवढे पैसे घेऊन त्या मेकॅनिकने माझ्या पोकलेनचा चांगला पंप काढून नेला. खरा बिघाड शेवटी 1,800 रुपयांत निघाला.

मशीनची तक्रार साधी होती. आर्म हवेत नेहमीसारखा फिरायचा, पण मातीत घालून आत ओढला की दम सोडायचा. बूम, बकेट, स्विंग ठणठणीत, चालवताना मशीन सरळ जायचं. त्याने फडक्यावर ऑइलमधली धातूच्या चुऱ्याची सोनेरी चमक दाखवली आणि "पंप संपला" म्हणाला. चमक कुठून आली, कोणास ठाऊक. फिल्टर तुमच्या डोळ्यांसमोर कापून घ्या, दुसऱ्याच्या फडक्यावर विश्वास ठेवू नका.

तिथेच ओळखायला हवं होतं. त्याने दाब मोजायचा गेज लावलाच नाही! पंप झिजला तर एकटा आर्म कसा ढिला पडेल? त्या पंपावरचं सगळंच मंदावतं, ऑइल तापलं की आणखी मंदावतं, आणि दोनपैकी एकच पंप गेला असेल तर मशीन चालताना एका बाजूला ओढतं. पण मशीन उभं, कर्जाचा हप्ता चालू आणि समोरचा छातीठोकपणे बोलतोय, अशा वेळी कोणीही हो म्हणेल.

नवा पंप बसला, आर्म तसाच. मग त्याने मुख्य रिलीफचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू आवळला. आर्मला काडीचा फरक नाही, वर बूमची होज फुटली. गेज न लावता रिलीफला हात घालणाऱ्याला मशीनपासून लांब ठेवा.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी ऑइल 50 अंशांपर्यंत तापवलं, पंपाच्या टेस्ट पोर्टला गेज जोडला, रिलीफ परत 340 बारवर आणला आणि एकेक सिलेंडर टोकाला नेऊन लिव्हर धरून ठेवला. बूम 340, बकेट 340, आर्म बाहेर 340. आर्म आत फक्त 215! आर्मच्या आत-बाहेर दोन्ही बाजूंना स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, त्याला पोर्ट रिलीफ म्हणतात. ते दोन्ही एकाच पार्ट नंबरचे होते, म्हणून त्याने त्यांची अदलाबदल केली. लगेच आर्म आत 340 आणि बाहेर 215. 215 दाखवणारा व्हॉल्व्ह उघडला तर सीटवर ओ-रिंगचा काळा तुकडा अडकलेला. त्यामुळे तो पूर्ण बसत नव्हता, जोर आला की ऑइल तिथूनच टाकीत परत जायचं. कचरा ऑइलमधलाच, पण त्याचा पंपाशी काही संबंध नव्हता.

जुना पंप कोणालाही नेऊ देऊ नका, माझा पुरावाच त्याच्याबरोबर गेला. पोलिसांनी अर्ज वाचलाही नाही, "दिवाणी प्रकरण, कोर्टात जा" म्हणून वाटेला लावलं. कंपनीच्या सर्व्हिस ऑफिसने बाहेरचं काम म्हणून हात झटकले. पंप खराब नव्हता हे सिद्ध करा म्हणतात, आणि पंप त्या माणसाकडे आहे. तो फोन उचलत नाही, पण दुसऱ्यांच्या मशीनवर त्याचं काम चालूच आहे.