आठ महिने वापरलं: संध्याकाळच्या गर्दीत दर वेळी बरोबर ३० सेकंद अडकणारं बिलिंग अ‍ॅप

नमस्कार. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर माझ्या दोन काउंटरवर आठ महिने चालू आहे. सपोर्टला फोनवर हे सगळं तुकड्यातुकड्यांत सांगून झालंय, म्हणून आता सलग लिहितो आहे. घेण्याच्या विचारात असलेल्या दुकानदारांनाही उपयोग होईल.

आधी चांगलं सांगतो. वस्तू शोधणं झटपट होतं, स्कॅनर पहिल्याच दिवशी जोडला गेला, आणि नवीन माणूस अर्ध्या तासात बिल करायला शिकतो. पहिले तीन महिने माझी काहीच तक्रार नव्हती. चौथ्या महिन्यात तुमचं अपडेट आलं, प्रत्येक बिल सेव्ह होताक्षणी क्लाउडवर जाऊ लागलं, आणि तेव्हापासून संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान सेव्हचं बटण दाबलं की स्क्रीन गोठायला लागली. खिडकी पांढुरकी होते, वर Not Responding दिसतं, आणि समोर रांग उभी असते.

सपोर्टने सांगितलं, रॅम वाढवा. वाढवली. मग म्हणाले, जुनी बिलं काढून डेटा हलका करा. तेही केलं, बॅकअप घेऊन. फरक शून्य. तेव्हा मी फोनवरचं स्टॉपवॉच लावून मोजायला बसलो, आणि तिथेच मला गोष्ट उलगडली.

पहिल्या संध्याकाळी स्क्रीन सहा वेळा गोठली. सहाही वेळा ३० सेकंद, फार तर ३१. दोन वस्तूंचं बिल असो की चाळीस वस्तूंचं, वेळ तेवढीच. मशीन खरोखर काम करत असतं तर मोठ्या बिलाला जास्त वेळ लागला असता. दर वेळी तोच आकडा येतो याचा अर्थ अ‍ॅप कशाची तरी वाट बघत थांबतं आणि ठरलेली मुदत संपली की नाद सोडतं. Task Manager उघडून बघितलं तर गोठलेल्या त्या अर्ध्या मिनिटात प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही जवळजवळ निवांत होते. रॅमचा खर्च त्यामुळेच वाया गेला.

वाट कशाची, हे शोधायला दुसऱ्या दिवशी Command Prompt ची काळी खिडकी दिवसभर उघडी ठेवली आणि त्यात ही कमांड चालवली. ती इंटरनेटवरच्या एका सर्व्हरला सतत हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते:

```
ping -t 8.8.8.8
```

दुपारी उत्तर ४०-५० मिलिसेकंदांत येत होतं. सातनंतर तेच दोन-दोन हजारांवर गेलं, आणि मध्येमध्ये Request timed out. स्क्रीन जेव्हा जेव्हा गोठली, तेव्हा त्या खिडकीत हेच चाललेलं होतं. संध्याकाळी सगळेच एकदम इंटरनेटवर येतात आणि लाइन तुंबते. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही.

मग नेटची केबलच काढली. अ‍ॅप पाण्यासारखं चालायला लागलं! एकही बिल अडकलं नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. केबल नसली की मशीन अ‍ॅपला तत्काळ सांगतं की रस्ताच नाही, आणि अ‍ॅप बिल आपल्याकडेच ठेवून पुढे जातं. नेट अर्धमेलं असलं की निरोप निघतो, पोचल्याची खूण येत नाही, मशीन पुन्हा पाठवून बघतं, आणि तुमचं अ‍ॅप तोवर स्क्रीन धरून बसतं. म्हणजे बंद नेट तुम्ही सांभाळलं आहे, मंद नेट सांभाळलेलं नाही. तुमच्या ऑफिसात चाचणी केबल काढून झाली असेल, म्हणून हे तुम्हाला दिसलं नसावं असा माझा अंदाज आहे.

थांबावं लागतं याहून मोठं दुखणं पुढे आहे. एका संध्याकाळी सतरा वस्तूंचं बिल होतं. काउंटरवरच्या मुलाने सेव्ह दाबलं, ३० सेकंद गेले, आणि ‘सेव्ह झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं. त्याने पुन्हा दाबलं, या वेळी झालं, प्रिंट निघाली, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं. रात्री गल्ला जुळवताना रोकड बरोबर एका बिलाएवढी कमी. मुलगा रडवेला झाला होता, आणि माझ्याही मनात क्षणभर शंका येऊन गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. दोन दिवसांनी बिलांची यादी चाळताना सापडलं: लागोपाठच्या दोन क्रमांकांची बिलं, त्याच सतरा वस्तू, तीच रक्कम, वेळेत ३० सेकंदांचा फरक. पहिला निरोप तुमच्या सर्व्हरवर पोचला होता, बिल तयारही झालं होतं, फक्त त्याचं उत्तर परत आलं नाही. विक्री दुप्पट दिसली, आणि फळीवरचा माल नोंदीपेक्षा जास्त निघाला. मागचे चार महिने तपासले तेव्हा अशा आणखी नऊ जोड्या मिळाल्या. ज्यांच्याकडे हे अ‍ॅप आहे त्यांनी बिलांची यादी वेळेप्रमाणे लावून एकदा जरूर बघावी.

सध्या मी सहा वाजता केबल काढतो आणि नऊला लावतो. हा काही उपाय नव्हे. केबल लावली की साठलेली सगळी बिलं एकदम वर जातात आणि अ‍ॅप वीस मिनिटं हलत नाही. एकदा केबल लावायची राहून गेली, तर दोन दिवस हिशेबनिसांना एकही विक्री दिसली नाही.

मी प्रोग्रामर नाही, पण माझी मागणी नेमकी आहे. सेव्ह दाबल्यावर बिल आधी काउंटरच्या मशीनवर लिहा आणि लगेच प्रिंट काढा. क्लाउडवर पाठवायचं काम मागच्या बाजूला रांगेत चालू दे, त्यासाठी स्क्रीन अडवू नका. प्रत्येक बिलाला पाठवण्याआधीच काउंटरवर एक कायमची खूण द्या, म्हणजे तेच बिल तीनदा पोचलं तरी सर्व्हर एकदाच नोंदवेल. आणि किती बिलं पोचायची बाकी आहेत तो आकडा कोपऱ्यात दिसू दे, म्हणजे दोन दिवस गाफील राहायची वेळ येणार नाही.

यात एक अडचण येईल हे मला ठाऊक आहे. दोन्ही काउंटर आपापलं लिहू लागले की क्रमांक एकमेकांवर आदळतील, म्हणून प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्यावी लागेल. शिल्लक मालाचा आकडाही काही मिनिटं मागे राहील आणि शेवटचा नग दोन्हीकडे विकला जाऊ शकेल. माझ्याकडे ते क्वचित घडेल, आणि घडलं तर फळीकडे बघून कळेल. हा तोटा मला चालतो.

सध्या पाचपैकी दोन तारे देतो आहे, आणि तेही पहिल्या तीन महिन्यांसाठी. स्टॉपवॉचच्या नोंदी, काळ्या खिडकीचे फोटो आणि दहा दुहेरी बिलांचे क्रमांक सपोर्टच्या मेलवर पाठवले आहेत. सुधारलेली आवृत्ती आधी माझ्या दुसऱ्या काउंटरवर चालवून बघायला मी तयार आहे. तुमचा माणूस पाठवणार असाल तर सकाळी नको, संध्याकाळी सातला पाठवा आणि केबल लावलेलीच ठेवू द्या.