मिसेस डॅलोवे : काही महिने सोबत बाळगल्यावर

व्हर्जिनिया वूल्फची १९२५ सालची ही कादंबरी बरेच महिने माझ्या बॅगेत आहे. १९२३च्या जूनमधला एक बुधवार. सकाळी क्लॅरिसा डॅलोवे फुलं आणायला निघते, रात्री तिच्या घरी पार्टी असते. या एका दिवसात तिची तीसेक वर्षं मावली आहेत, आणि ती कशी मावली हे मला पुन्हा पुन्हा वाचूनच कळत गेलं.

पहिल्याच पानावर बघा. पार्टीसाठी घरातली दारं बिजागरीतून काढायची आहेत. हे मनात येतं न येतं तोच क्लॅरिसाला बिजागरीची करकर ऐकू येते. पण ती बूर्टनच्या जुन्या घरातली, ती अठरा वर्षांची असतानाची. 'तिला आठवलं' असं सांगायला लेखिका थांबत नाही. आजच्या वस्तूला हात लागला की मागचं सगळं सरळ आत येतं.

कादंबरीत प्रकरणं नाहीत, मध्ये फक्त मोकळ्या जागा. त्यामुळे घड्याळाचे टोले मी पेन्सिलने समासात टिपत गेले. त्यातली माझी सर्वांत आवडती खूण रीजंट्स पार्कमधली, पावणेबाराची. युद्धातून परतलेला सेप्टिमस बाकावर बसलाय. बायको रेझिया त्याला किती वाजले विचारते. त्याला समोरून मेलेला मित्र इव्हान्स येताना दिसतो. प्रत्यक्षात तो राखाडी सूटातला पीटर वॉल्श, क्लॅरिसाचा जुना मित्र, हिंदुस्थानातून पाच वर्षांनी परतलेला. पीटरला वाटतं, तरुण जोडपं भांडतंय, चालायचंच. एकच क्षण, पण एकाच्या डोक्यात युद्ध चालू आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यात सकाळी झालेली क्लॅरिसाची भेट. क्लॅरिसा भूतकाळात जाऊन परत येते. सेप्टिमसला परतायची वाटच नाही, त्याचा भूतकाळ समोरून चालत येतो. हा फरक समजल्यावर त्याचा शेवट मला फार लागला.

क्लॅरिसाची मुलगी एलिझाबेथ सतरा वर्षांची आहे. ती बसने स्ट्रँडकडे जाते तेव्हा तिच्या मनात पुढचे बेत असतात, डॉक्टर व्हावं की शेती करावी. आठवणींचा साठाच नाही, म्हणून ती पानं भरभर सरतात. वेळ दाबून बसवायला आधी मागे काहीतरी साठलेलं लागतं, हे इथे उलट बाजूने दिसतं.

एक तक्रार आहे. सेप्टिमसला तपासणाऱ्या डॉक्टर ब्रॅडशॉच्या भागात लेखिका स्वतः पुढे येऊन त्याच्यावर बोलू लागते. तिचा राग रास्तच आहे. पण तेवढी पानं ना कुणाच्या आठवणीत असतात ना घड्याळात, आणि पकड सुटते.

घेणाऱ्यांनी निदान दुपारच्या बारापर्यंतचा भाग एका बैठकीत वाचावा. बसमध्ये चार-चार पानं वाचली तर कोण कुणाच्या मनात आहे तेच लागत नाही.