कामाआधीची प्रश्नावली: फॉर्मवर पाठवावी की डॉकवर?

फ्रीलान्स कामाआधी क्लायंटला लेखी प्रश्न पाठवावेत, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. खरा पेच पुढे आहे: ते गूगल फॉर्मवर पाठवावेत, की सगळ्यांना लिहिता येईल अशा गूगल डॉकवर? मी पुण्यात खाद्यपदार्थांची लेबलं, पाकिटं आणि त्यांवरचा मजकूर करतो. दोन्ही प्रकार भरपूर वापरले आहेत. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमचे क्लायंट वेगळे असतील तर तुमचा निर्णयही वेगळा असू शकतो.

आधी फॉर्मच्या बाजूने. भरणाऱ्याला तो सोपा वाटतो. फोनवर उघडतो, बोटाने पर्याय निवडले की झालं. ‘फक्त लेबल हवं आहे’ असं निवडलं, तर मजकुराचे प्रश्न वगळून थेट पुढच्या भागात नेता येतं. उत्तरं शीटमध्ये एका ओळीत जमा होतात, त्यामुळे दिवाळीच्या आधी फराळवाल्यांची चौकशी एकदम वाढते तेव्हा कोणाचं काम घ्यायचं हे पटकन ठरवता येतं. डॉकमध्ये यातलं काही नाही. शिवाय फोनवर डॉकमध्ये लिहायचं तर बहुधा ॲप घ्यावं लागतं, आणि काही जण तिथेच थांबतात.

तरीही मी डॉककडे वळलो, ते एका त्रासामुळे. फॉर्म एका माणसाचं उत्तर घेतो, आणि पुण्यातले माझे बहुतेक क्लायंट म्हणजे एकेक अख्खं घर असतं.

कोथरूडचं एक कुटुंब आहे. भाजणी, मेतकूट आणि चटण्या काकू करतात, हिशेब आणि दुकानदार मुलगा सांभाळतो, इन्स्टाग्राम सूनबाई बघतात. मेतकुटाच्या पाकिटासाठी मी फॉर्म पाठवला. मुलाने तो त्याच रात्री भरून पाठवला. ‘अंतिम होकार कोणाचा?’ यावर उत्तर होतं, ‘माझा’. ‘काय बदलायचं नाही?’ यावर उत्तर होतं, ‘काही नाही, सगळं नवीन करा’. उत्तरं स्पष्ट होती आणि त्याने ती मनापासून दिली होती. मी हिरव्या रंगावर काम केलं, दोन प्रूफं पुढे गेली, तिसरं काकूंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, आमचं मेतकूट दुकानात पिवळं पाकीट म्हणूनच मागतात. हिरवं पाहिलं तर दुकानदार म्हणेल, दुसरीकडून आणलं.’ त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ती माहिती त्या घरात पहिल्या दिवसापासून होती. फॉर्ममध्ये तिला यायला जागा नव्हती, इतकंच.

एकाच फॉर्मला तिघांनी तीन वेळा उत्तरं द्यावीत, असंही करता येतं. मी करून पाहिलं. शीटमध्ये तीन ओळी येतात, पण त्यांनी एकमेकांचं वाचलेलं नसतं. मग कोणाचं खरं मानायचं हा वाद आपल्या अंगावर येतो, आणि तो मिटवण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

त्याच घराचं पुढचं काम लसणाच्या चटणीचं होतं. या वेळी तेच प्रश्न डॉकवर टाकले. दोन रकान्यांचा तक्ता केला, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तराची जागा. वर एकच सूचना: ‘घरातल्या प्रत्येकाने आपलं नाव घालून लिहावं. आधीचं उत्तर खोडू नये, खाली लिहावं.’ काकूंनी टाइप केलं नाही, फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलल्या. ‘गिऱ्हाईक फोनवर पहिलं काय विचारतं?’ यावर मुलाने लिहिलं होतं, ‘किंमत’. खाली काकूंचं होतं, ‘तिखट किती आहे विचारतात, आणि प्रवासात टिकेल का’. त्याखाली सूनबाईंनी लिहिलं, ‘मग तिखटाची पातळी पुढेच दाखवू या’. पाकिटाच्या दर्शनी भागावर काय यायला हवं, ते मी एक रेघ ओढण्याआधी घरातच ठरलं. मेतकुटाच्या वेळी असलं काही तिसऱ्या प्रूफला कळलं होतं.

आता प्रश्नांबद्दल, कारण प्रश्न ढिले असतील तर डॉकही वाचवत नाही. ‘कसं दिसायला हवं?’ असं विचारलं की ‘आधुनिक पण पारंपरिक’ हेच येतं. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात: सध्याच्या लेबलावरून कोणी काय चुकीचं समजलं? दुकानात ते कशाशेजारी ठेवतात? कोणती गोष्ट अजिबात बदलायची नाही? फॉर्ममध्ये प्रश्न सक्तीचा केला की लोक नुसता ठिपका टाकून पुढे जातात. डॉकमध्ये जागा रिकामी राहते, आणि ती मला जास्त उपयोगी वाटते. फोन करताना तेवढंच विचारायचं उरतं.

फाइलींचा प्रश्न तर वेगळाच लिहावा. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची तर भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन-इन करावं लागतं, म्हणून लोगो शेवटी व्हॉट्सॲपवर फोटो होऊन येतो. डॉकमध्ये मी असं विचारतो: ‘लोगोची मूळ फाइल कोणाकडे आहे? जुन्या छापखान्याकडे असेल तर तिथे कोणाशी बोलायचं?’ बहुतेकदा ती कोरलड्रॉची `.cdr` फाइल असते आणि छापखान्याच्या संगणकावरच पडलेली असते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हेही तिथेच विचारतो. जुन्या फॉन्टातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की नुसती विचित्र अक्षरं दिसतात, आणि सगळं पुन्हा टाइप करून तपासावं लागतं. हे कोटेशन देण्याआधी कळलेलं बरं. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन आणि उत्पादकाचा पत्ता यांसाठी स्वतंत्र ओळी ठेवतो. हे शेवटच्या दिवशी आलं की मांडणी पुन्हा हलवावी लागते.

डॉकच्या अडचणी लपवत नाही. कोणीतरी प्रश्नच खोडतो. तो व्हर्जन हिस्टरीतून परत मिळतो, पण लक्ष ठेवावं लागतं. दुवा ज्याच्याकडे जाईल त्याला लिहिता येतं, म्हणून पैशांचा प्रश्न मी त्यात ठेवत नाही, फोनवर विचारतो. आणि प्रत्येक कामाला कोऱ्या नमुन्याचीच प्रत काढायची, आधीच्या क्लायंटच्या डॉकची कधीच नाही.

एकटा माणूस क्लायंट असेल, किंवा कंपनीत एकच अधिकारी सगळं ठरवत असेल, तर फॉर्म कदाचित पुरेसा आहे. चौकशा जास्त असतील तर चार-पाच प्रश्नांचा फॉर्म गाळणीसारखा वापरावा. पण काम पक्कं होत आलं आणि टेबलाभोवती दोनपेक्षा जास्त माणसं आहेत असं दिसलं, की मी डॉकच पाठवतो. उत्तरं भरून आली की मतभेदाच्या जागांवर फोनवर बोलतो आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘ठरलं:’ अशी एक ओळ लिहितो. मग दुवा फक्त वाचण्यापुरता करतो आणि त्याची पीडीएफ कोटेशनला जोडतो. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या धरल्या आहेत ते त्या कोटेशनमध्ये असतं, आणि ‘ठरलं’ या ओळीच्या विरुद्ध जाणारा बदल वेगळा धरला जाईल, हेही.