टाइमशीट आणि खर्चाची बिलं तपासायला काय घ्यावं: फॉर्म्युला, ओसीआर की भाषा-मॉडेल?

फिरतीवरच्या सर्व्हिस इंजिनिअरांची टाइमशीट आणि त्यांचे खर्चाचे क्लेम महिनाअखेरीला अकाउंट्सकडे येतात. त्यातल्या तारखा, तास आणि रकमा काढून विसंगत नोंदी वेगळ्या करायला आज तीन रस्ते आहेत. एक म्हणजे एक्सेलमधले फॉर्म्युले. दुसरा, ओसीआरने बिलाचा मजकूर काढून त्यावर ठरलेले नियम लावणं. तिसरा, बिलाचा फोटो भाषा-मॉडेलला देऊन हवे ते रकाने भरून घेणं. निवड करणाऱ्याने पहिला प्रश्न अचूकतेच्या टक्केवारीचा विचारू नये. कोणता रस्ता चुकल्यावर ती चूक दिसते आणि कोणाची दिसत नाही, हे आधी पाहावं.

एक नमुना घेऊ. पुण्याचा एक इंजिनिअर ७ एप्रिल २०२५ला क्लेम टाकतो. त्यात पणजीच्या हॉटेलचं बिल आहे: खोलीभाडं ३,००० रुपये, तेव्हाच्या १२ टक्के दराने सीजीएसटी १८० आणि एसजीएसटी १८०, एकूण ३,३६० रुपये. तारीख छापली आहे ०३/०४/२०२५. त्याच्या टाइमशीटवर ३ एप्रिललाच भोसरीच्या प्लांटमध्ये ८.३० तास लागलेले आहेत. पुणे-पणजी अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर, तेव्हा ही नोंद तपासणीला जायलाच हवी. ती जाईल का, हे तारीख कशी वाचली जाते यावर ठरतं.

आधी एक्सेल. ज्या संगणकावर तारखेची अमेरिकन मांडणी आहे, तिथे ०३/०४/२०२५ हे ४ मार्च होतं आणि स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. १३/०४/२०२५ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती नोंद मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी उलटल्या आहेत असं धरून चाला. खात्री `=ISTEXT(A2)` ने करता येते. नमुन्यातलं बिल ४ मार्चचं झालं की त्या दिवशीच्या टाइमशीटशी त्याचं भांडण उरत नाही. क्लेमची मुदत साठ दिवसांची असेल, तर जुनं बिल म्हणूनही ते अडकत नाही. चुकीच्या वाचनामुळे इथे खोटा इशारा आला नाही, खरा इशारा नाहीसा झाला. पडताळणी बसवताना ही बाजू सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, असं मला ठामपणे वाटतं.

तासांचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे ८.३० म्हणजे साडेआठ तास, पण शीटला ते ८ तास १८ मिनिटं वाटतात. रोज १२ मिनिटं, म्हणजे २५ दिवसांच्या महिन्यात ५ तास गायब. उपाय सोपा आहे. एकूण तास लिहून घेऊच नका, येण्याची आणि जाण्याची वेळ घ्या. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते म्हणून साधी वजाबाकी चालत नाही. B मध्ये येण्याची आणि C मध्ये जाण्याची वेळ असेल, तर हे पुरतं:

```
=MOD(C2-B2,1)*24
```

रात्री १०:०० ते सकाळी ६:३० चे बरोबर ८.५ तास मिळतात. टाइमशीटचा फॉर्म तुमच्याच हातात आहे, म्हणून तिथे ओसीआर किंवा मॉडेल आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तारखेचा आणि वेळेचा रकाना बंदिस्त करा, साइटचं नाव यादीतून निवडायला लावा, म्हणजे वाचनाचा प्रश्नच संपतो.

बिलांचा फॉर्म तुमच्या हातात नसतो. तिथे खरी तुलना ओसीआर आणि मॉडेलची. टेसरॅक्ट हे ओसीआरचं साधन फुकट आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं आणि मराठीची डेटा-फाइल बसवून `-l eng+mar` दिलं की छापील मराठीही वाचतं. ते थेट पीडीएफ घेत नाही, पण हॉटेलच्या स्वच्छ पीडीएफची पानं चित्रांत बदलून दिली की छान काम करतं. पेट्रोल पंपाच्या पुसट थर्मल पावतीवर आणि हाताने लिहिलेल्या लॉजच्या बिलावर ते कोलमडतं. पण त्याचं कोलमडणं बहुतेक वेळा दिसतं. दशांश बिंदू हरवला की ३,३६०.०० चे ३,३६,००० होतात आणि रकमेची मर्यादा ते लगेच पकडते. तारखेच्या जागी अगम्य चिन्हं आली की तारीख म्हणून ती मान्यच होत नाहीत. माणसाला जास्त बिलं हाताने बघावी लागतात, पण कोणती बघायची ते कळतं.

भाषा-मॉडेल नेमकं तिथे चांगलं चालतं जिथे ओसीआर हरतं. ‘दि. ३/४/२५’, देवनागरी अंक, तिरका फोटो, दर वेळी वेगळी मांडणी, यातलं बरंचसं ते निभावतं. त्याची चूक मात्र सुबक असते. तारीख पुसली गेली असेल तर ते शोभेल अशी तारीख भरू शकतं. बेरीज जुळत नसेल तर जुळणारा आकडा देऊ शकतं, आणि फुगवलेल्या बिलात न जुळणारी बेरीज हाच तर पुरावा असतो. म्हणून मॉडेल घ्यायचं ठरलं तर छापलेलं जसंच्या तसं आणि त्याचा लावलेला अर्थ, असे दोन वेगळे रकाने मागा:

```
{"date_printed": "03/04/2025",
 "date": "2025-04-03",
 "total_printed": "3,360.00",
 "total": 3360.00,
 "checkin": null}
```

न दिसणाऱ्या गोष्टीला `null` लिहिण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्या. बिल वाचताना इंजिनिअरने क्लेम केलेली रक्कम मॉडेलला दाखवू नका, नाहीतर अंधुक आकडा त्या रकमेकडे झुकण्याचा धोका राहतो. आणि ‘हे बिल संशयास्पद आहे का’ असा प्रश्न तर विचारूच नका. मॉडेलने वाचावं आणि तिथे थांबावं. ३,००० + १८० + १८० ची बेरीज, पणजीच्या हॉटेलचा जीएसटी क्रमांक गोव्याच्या ३० ने सुरू होतो का, तोच क्रमांक आणि तोच बिल नंबर आधीच्या क्लेममध्ये आला होता का, या तपासण्या फॉर्म्युल्याने करा. त्यांचं उत्तर दर वेळी तेच येतं आणि ऑडिटरला दाखवता येतं.

नमुन्यातलं बिल बरोबर वाचलं गेलं तरी काम संपत नाही. हॉटेलच्या बिलावर बहुधा खोली सोडल्याची तारीख असते. माणूस २ तारखेच्या रात्री राहिला, ३ ला सकाळच्या विमानाने आला आणि दुपारच्या पाळीला भोसरीत पोचला, असंही होऊ शकतं. म्हणून `checkin` चा रकाना हवा, आणि तपासणाऱ्यासमोर बिलाचा फोटो, टाइमशीटची ओळ आणि त्या दिवसांचं प्रवासाचं तिकीट शेजारी शेजारी यायला हवं. नोंदीवर ‘गैरव्यवहार’ असा शिक्का नको. ‘एकाच तारखेला दोन ठिकाणं’ एवढं लिहिलं की पुरे.

महिन्याला शंभरेक बिलं येत असतील आणि बहुतेक ठरलेल्या हॉटेलांची पीडीएफ असतील, तर मी टेसरॅक्ट आणि नियम घेईन, उरलेली हाताने टाकेन. बिलं हजारांत आणि फोटो नाना तऱ्हांचे असतील, तर मॉडेल घेईन, पण आधी गेल्या वर्षीची दोनशे बिलं हाताने नोंदवून त्याच्याशी ताडून पाहीन. तेव्हा ‘रिकामं सोडलं’ आणि ‘चुकीचं भरलं’ हे दोन आकडे वेगळे मोजायचे. रिकामी जागा माणूस भरतो. चुकीची भरलेली तारीख मात्र कोणाच्याही टेबलावर येत नाही, त्यामुळे ते प्रमाण जिथे कमी ते साधन घ्यायचं, मग ते थोडी जास्त बिलं माणसाकडे परत पाठवत असलं तरी चालेल. मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर असेल, तर औषधोपचाराची बिलं त्यातून वगळा. त्यात कर्मचाऱ्याच्या आजाराची माहिती असते, आणि ती संख्येने इतकी थोडी असतात की हाताने टाकायला त्रास होत नाही.