आयफोनच्या मेलमधला फोटोच्या साइजचा पर्याय: केळीच्या पॅकहाऊसवर बरेच महिने वापरल्यानंतर

सावद्याजवळच्या एका पॅकहाऊसवर मी काम बघतो. गाडी भरली की मालाचे आणि काट्याच्या पावतीचे फोटो दिल्लीच्या खरेदीदाराला पाठवणं माझ्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर ते आधीच गेलेले असतात, पण त्यांच्या ऑफिसला नोंदीसाठी मेलच लागतो. म्हणून आयफोनमधलं मूळ मेल ॲप उन्हाळाभर जवळपास रोज हाताखालून गेलंय.

आधी अडचण कुठे येते ते सांगतो. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो जेपीजीमध्ये साधारण ३ ते ५ एमबीचा होतो. सहा फोटो जोडले की २४ एमबी. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा बसायला हवेत असं वाटतं. पण मेलमधून जाताना जोडलेल्या फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांमध्ये होतं आणि तीन बाइटच्या जागी चार लागतात. म्हणजे ते २४ एमबी वाटेत ३२ होतात. खरेदीदाराच्या ऑफिसचा सर्व्हर तर त्याहून कडक आहे. तिकडून `552 5.3.4 Message size exceeds fixed limit` असं उत्तर येतं, आणि वर फोन येतो, "भाऊ, फोटो आलेच नाहीत." नदीकाठच्या बागेतून पाठवायचं असेल तर मेल त्या सर्व्हरपर्यंतही पोचत नाही, रेंजअभावी Outbox मध्येच पडून राहतो.

यावर उपाय ॲपमध्येच आहे. मोठे फोटो जोडून पाठवायचं बटण दाबलं की खालून यादी वर येते: `Small`, `Medium`, `Large`, `Actual Size`. प्रत्येकापुढे एकूण वजन केबी किंवा एमबीमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे अंदाजाने काही करावं लागत नाही. आधीच ठरवायचं असेल तर `Cc/Bcc, From` च्या ओळीवर टिचकी मारायची, तिथेच फोटोंची साइज दिसते आणि बदलताही येते. गॅलरीतल्या मूळ फोटोला धक्का लागत नाही, फक्त जाणारी प्रत लहान होते.

आता महत्त्वाचं. कुठली साइज घ्यायची हे फोटोत काय आहे त्यावर ठरतं, आणि हे कळायला मला वेळ लागला. भरलेल्या गाडीचा, रचलेल्या खोक्यांचा, बागेतल्या घडांचा फोटो असेल तर `Medium` पुरतं. ती प्रत कॉम्प्युटरवर उघडली तर लांब बाजू ६४० पिक्सेलची निघते. पण फण्यांवरचे ओरखडे किंवा सालीवरचे बारीक डाग दाखवायचे असतील तर `Medium` मध्ये सगळं सारखंच पिवळट-हिरवं दिसतं आणि समोरचा म्हणतो, माल चांगला दिसतोय. तिथे `Large` हवं.

पावतीचा प्रश्न आणखी वेगळा. काट्याची पावती साधारण २१ सेंटीमीटर लांब धरा. ती पूर्ण चौकटीत बसवून ६४० पिक्सेलमध्ये आणली तर एका मिलिमीटरला तीन पिक्सेल येतात. छापील आकडा दोन मिलिमीटर उंच, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम सहा. आमच्याकडच्या पोराने अशी पावती `Medium` मध्ये पाठवली होती, आणि निव्वळ वजनातला ३ की ८ यावरून हिशेबात दोन दिवस फोन चालू होते. पावतीला `Actual Size` शिवाय दुसरं काही निवडू नका.

इथेच ॲपची एक मोठी उणीव टोचते. निवडलेली साइज मेलमधल्या सगळ्या फोटोंना लागू होते, एका फोटोला एक आणि दुसऱ्याला दुसरी असं करता येत नाही. म्हणून आम्ही दोन मेल पाठवतो: मालाचे फोटो लहान करून एका मेलमध्ये, पावती एकटीच मूळ आकारात दुसऱ्यात. विषयाच्या ओळीत दोन्हीकडे गाडीचा नंबर टाकला की तिकडच्या माणसाला जोडी लावता येते. दुसरी तक्रार म्हणजे कायमची एक साइज ठरवून ठेवायची सोय सेटिंगमध्ये नाही, दर वेळी निवडावंच लागतं. आणि हा पर्याय फोटोंपुरताच आहे. व्हिडिओ किंवा पीडीएफ यामुळे हलके होत नाहीत.

फारच मोठा मेल झाला तर आयफोन `Mail Drop` सुचवतो. त्यात फाइल आयक्लाउडवर जाते आणि समोरच्याला लिंक मिळते. पण ती ३० दिवसांत संपते, त्यामुळे नोंदीसाठी ठेवायच्या पावत्यांना ती उपयोगाची नाही.

पाठवल्यावर एक काम करायचं: Sent मध्ये जाऊन तोच मेल उघडायचा आणि पावतीचा आकडा बोटांनी मोठा करून बघायचा. तिथे गेलेलीच प्रत असते. तुम्हाला वाचता आला नाही तर दिल्लीतही येणार नाही, आणि गाडी रावेरच्या पुढे जायच्या आत मूळ फोटो पुन्हा पाठवता येतो.